चि. संदीपला, गोळ्यांबद्दल

मिरज, रविवार रात्र

चि. संदीप,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर आवाज चढवायला नको होता. तू फोन ठेवलास ते बरंच केलंस, नाहीतर मी आणखी काहीतरी बोललो असतो. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं, आजारातून उठलेल्या पोराला मी रागावलो. रागावलो नव्हतो रे, घाबरलो होतो.

तू सहज म्हणालास, "अकरा दिवस झाले, ताप नाही, जळजळ नाही, गोळीने मळमळतं म्हणून परवापासून बंद केल्या." तुला डॉक्टरांनी चार आठवडे सांगितले आहेत. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस. या पत्रात त्याबद्दल एकदाच लिहायचं असं ठरवून बसलो आहे.

त्या रात्री तू हुडहुडी भरलेली असताना एकटा रिक्षाने दवाखान्यात गेलास, लघवी तुंबली आहे हे लाज न धरता सांगितलंस. मला तुझ्या वयात ते जमलं नव्हतं. तुझं दुखणं अचानक आलं: थंडी वाजून ताप, बैठकीच्या जागी ठणका, लघवीला आग आणि मग धारच बंद. याला ॲक्यूट प्रोस्टेटायटिस म्हणतात, म्हणजे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीला जंतूंमुळे अचानक आलेली सूज. तो वाजतगाजत येतो, म्हणून तरी बरा. बाटलीतून औषध गेलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तेव्हा उतरला नसता तर आत गळू झालंय का ते सोनोग्राफीत पाहावं लागलं असतं.

तू पाठवलेला रिपोर्ट मी चष्मा पुसून चारदा वाचला. पस सेल्स भरपूर, कल्चरमध्ये ई. कोलाय, वाढ एक लाखाच्या वर. पहिलं इंजेक्शन देण्याआधीच नमुना घेतला, हे त्यांनी फार चांगलं केलं. औषध पोटात गेल्यावर घेतलेल्या लघवीत पुष्कळदा काहीच उगवत नाही आणि मग सगळा कारभार अंदाजाने चालतो. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 'आर' आहे, म्हणजे तुझा जंतू त्याला दाद देत नाही. कोट्रायमॉक्सझोलपुढे 'एस' आहे, म्हणून ती गोळी दिली.

नायट्रोफ्युरंटॉइनपुढेही 'एस' आहे आणि आईला मागे दिलेल्या त्या गोळ्या चालतील का, असं तू विचारलंस. नाही चालणार. लघवीत ती चांगली उतरते, पण प्रोस्टेटच्या मांसात पुरेशी पोचत नाही. बशीत जंतू मरतो की नाही एवढंच रिपोर्ट सांगतो. औषध त्या गाठीपर्यंत जातं का, हे त्यात लिहिलेलं नसतं. बत्तीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण हे मला माझ्या स्वतःच्या दुखण्याने शिकवलं.

आता ते सांगतोच. तू दुसरीत होतास. मला तुझ्यासारखाच ताप आला. सातव्या दिवशी बरं वाटलं आणि मी गोळ्या सोडल्या. नानांचं ते प्रकरण चालू होतं, पैशाची ओढ होती, आणि कल्चरच्या बशा रोज हाताळणाऱ्या माणसाला वाटलं की आपल्याला कळतं. तीन महिन्यांनी पुन्हा जळजळ, या वेळी ताप नाही. पाच दिवसांच्या गोळ्या, की बरं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी तोच ई. कोलाय, सेन्सिटिव्हिटीची तीच अक्षरं. मधल्या काळात लघवी अगदी स्वच्छ. जुनाट जंतूचा प्रोस्टेटायटिस असा असतो. ताप नाही, धावपळ नाही, नुसतं ओटीपोटात आणि खाली जड दुखणं, वीर्य जाताना कळ, आणि तोच पाहुणा पुन्हा पुन्हा दारात.

तू बाथरूमच्या दाराशी उभा राहून विचारायचास, "बाबा, नळ का चालू ठेवता?" आतला आवाज तुला ऐकू जाऊ नये म्हणून ठेवायचो. ते कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी आमच्या सरांनी चार बाटल्यांची तपासणी केली. पहिली धार, मधली धार, मग बोटाने प्रोस्टेट दाबून आलेला स्राव, आणि त्यानंतरची लघवी. बशा मीच लावल्या. एरवी आम्ही मिलीलीटरचा हजारावा भाग पसरतो, त्या दिवशी दहावा भाग पसरला, कारण असले जंतू थोडे असतात. सकाळी पाहिलं तर पहिल्या बशीत पाच-सहा ठिपके आणि चौथीत दोनशेच्या वर गुलाबी ठिपके. नंतरच्या लघवीत आधीच्या दहापट जंतू असले की ते प्रोस्टेटमधलेच मानतात. बशी हातात धरून मी बराच वेळ उभा होतो. हल्ली दाबण्याआधीची आणि नंतरची अशा दोनच बाटल्यांवर भागवतात.

ही तपासणी तू आत्ता मागू नकोस, आणि कुणी करतो म्हणालं तरी करू देऊ नकोस. ताज्या सुजेत प्रोस्टेट दाबली तर जंतू रक्तात जाऊ शकतात.

सूज ताजी असते तेव्हा गाठीच्या भिंती जणू सैल झालेल्या असतात, औषध सहज आत शिरतं. सूज उतरली की ते दार पुन्हा मिटू लागतं आणि मोजकीच औषधं आत पोचतात. तुला बरं वाटतंय त्याच दिवसांत उरलेसुरले जंतू संपवायचे असतात. म्हणून दोन ते चार आठवडे. तेवढ्याने माझं भागलं असतं. पुढे बारा आठवडे घ्यावे लागले.

पुन्हा शिकवायला लागलो, माफ कर. तू चौतीस वर्षांचा आहेस. अर्धवट सोडलेल्या प्रत्येकाला माझ्यासारखं होतं असंही नाही. आणि पुढे कधी खाली दुखत राहिलं, पण कल्चर कोरंच येत राहिलं, तर गोळ्यांमागून गोळ्या घेऊ नकोस. जुनाट दुखण्यातले बहुतेक रुग्ण त्याच प्रकारातले असतात. तिथे जंतू नसतो, उपचार वेगळे असतात.

पण अठ्ठावीस दिवस, संदीप.

उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर. दोन दिवस गोळ्या सुटल्या हे खरं सांग, आणि मळमळतं हेही सांग. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेऊन भागतं का, की औषध बदलायचं, ते त्यांना ठरवू दे. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी त्यांना दाखवायचं. कोर्स संपल्यावर आठवडाभराने पुन्हा कल्चर दे. मधली धार घे. बाटली दोन तासांत लॅबमध्ये पोचव, तुमच्या ट्रॅफिकमध्ये नेणं होत नसेल तर तोवर फ्रीजमध्ये ठेव. रिपोर्ट मला पाठव.

आईने कुळथाचं पीठ दळून ठेवलंय. शनिवारी बाळूदादा येतोय, त्याच्याबरोबर देतो. तिला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल, डॉक्टर काय म्हणाले तेवढं तिच्याजवळ सांग.

तुझा,
बाबा

ता. क. दुसऱ्या पानावर अठ्ठावीस चौकोन आखले आहेत. अकरा मीच खोडले, पुढचे दोन कोरे ठेवले आहेत.