सूचना : संचालकांना पाठवायच्या लांब ई-मेलच्या आरंभी दोन ओळींचा सारांश

सर्व विभागप्रमुख व सहकाऱ्यांना विनंती आहे की, संचालक महोदयांकडे निर्णयासाठी जाणाऱ्या प्रत्येक लांब ई-मेलच्या अगदी वर, पार्श्वभूमी सांगण्यापूर्वी, दोन ओळींचा सारांश लिहावा. संचालक बहुतेक मेल दौऱ्यावर असताना मोबाइलवर पाहतात आणि तेथे मेल उघडण्यापूर्वी विषयाखाली जेमतेम पहिली ओळ दिसते. ती ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ यातच संपली, तर नेमके काय हवे आहे हे कळत नाही आणि मेल मागे पडतो.

पहिल्या ओळीत कोणता निर्णय, किती रकमेचा आणि केव्हापर्यंत हवा ते असावे. दुसरीत आपली शिफारस व तिचे कारण. उदाहरणार्थ :

‘जनरेटर दुरुस्तीच्या ४८,५०० रुपये खर्चास शुक्रवारी सायंकाळी ५ पर्यंत मंजुरी हवी.
तीन दरपत्रकांपैकी सर्वांत कमी दराची शिफारस आहे. मात्र हमी तीनच महिन्यांची आहे.’

यावर ‘मंजूर’ एवढे उत्तरही पुरते. हमीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, कारण निर्णय या दोन ओळींवरच होणार असल्याने तो बदलू शकेल अशी अडचण खालच्या परिच्छेदात ठेवणे योग्य नाही.

सारांशाची जागा वर असली, तरी तो बाकीचा मेल लिहून पूर्ण झाल्यावर लिहावा, म्हणजे आकडे मजकुराशी जुळतात. दोन ओळींत तो मावत नसेल, तर बहुधा एकाच मेलमध्ये दोन निर्णय मागितलेले असतात. अशा वेळी स्वतंत्र मेल पाठवावेत. जुना पत्रव्यवहार पुढे पाठवतानाही ‘कृपया खाली पाहावे’ एवढेच न लिहिता वर सारांश द्यावा.