नोकरदाराला स्वतःचीच माहिती मागण्याचा हक्क का नाही?

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. एचआरची कागदपत्रे तयार करणारे आम्ही हा कायदा कलम न् कलम वाचला. स्वतःची माहिती मागण्याच्या हक्कातून नोकरदाराला त्यात वगळले आहे.

कलम ५ म्हणते, संमती मागताना सूचना द्या: कोणती माहिती, कशासाठी, तक्रार कुठे. सूचना मराठीतही मिळाली पाहिजे. पण कलम ७(आय) नुसार रोजगारासाठी संमतीच लागत नाही, म्हणून सूचनाही नाही. आपली माहिती पाहण्याचा कलम ११ मधला हक्कही संमती देणाऱ्यालाच आहे. आधार, पॅन, बँक खाते, मेडिक्लेमसाठी आईवडिलांचे आजार, सगळे एचआरकडे जाते, आणि ज्याचे आहे त्याने विचारले तर उत्तर देणे बंधनकारक नाही!

हजेरीच्या बोटाच्या ठशाचे पाहा. कामगार नोकरी सोडतो तेव्हा ठशाचे काम संपते. हजेरीपट आणि पगारपत्रक कायद्यासाठी ठेवावे लागते, ठसा नाही. प्रत्यक्षात एचआर सॉफ्टवेअरमध्ये नावापुढे 'निष्क्रिय' अशी खूण करून मोकळे होते. ठशाचा साचा दारावरच्या यंत्रात, सर्व्हरवर आणि यंत्र पुरवणाऱ्याच्या बॅकअपमध्ये तसाच राहतो, कारण तिन्ही ठिकाणी तो वेगवेगळा पुसावा लागतो आणि ते काम कोणाच्याच नावावर नसते. सोडून गेलेल्याचे बोट यंत्राने ओळखले, तर तो पुसलेला नाही हे नक्की. पासवर्ड बदलता येतो, बोट कसे बदलणार? काम संपले की माहिती पुसा, असे कलम ८(७) सांगते. पण आपले काय ठेवले आहे हे पाहण्याचाच हक्क नसेल, तर कामगाराने पुसल्याची खात्री कशी करायची?

युरोपात नोकरदाराला संमतीविनाही ही सूचना मिळते. माहिती किती काळ ठेवणार हे तिच्यात लिहावे लागते, आणि प्रत मागितल्यावर साधारण एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. तिथल्या कंपनीच्या पुण्यातल्या शाखेत काम करणाऱ्याने मात्र यातले काहीच मागायचे नाही का?

याच कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(जे) बदलून व्यक्तिगत माहितीच्या नावाखाली नागरिकाला नकार देणे सोपे केले. सरकारला विचारायचे नाही, मालकालाही विचारायचे नाही. मग हे संरक्षण कोणाचे?

कलम ५ आणि ११ रोजगाराला लागू करणारी दुरुस्ती आणा. प्रत्येक माहितीपुढे कारण, ठेवण्याची मुदत आणि ती पुसणाऱ्याचे पद लिहिणे सक्तीचे करा. हक्कांची कलमे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत, तेव्हा हे काम त्याआधी व्हायला हवे.

आपले,
एचआर व वेतन विभागांत काम करणारे काही नागरिक, पुणे