प्रेमळ बाई आणि कोरे रकाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षक दिनानिमित्त शुक्रवारच्या अंकात आपण वाचकांनी पाठवलेली शिक्षकांची छायाचित्रे छापलीत, याबद्दल आभार. त्यात आमच्या भूगोलाच्या बाईही आहेत. मात्र त्यांच्या छायाचित्राखाली ‘ज्ञानाचा अखंड दीप तेवत ठेवणाऱ्या प्रेमळ गुरुमाऊलीस वंदन’ ही जी ओळ आहे, ती मी पाठवलेली नाही. तीच ओळ ‘माऊली’चा ‘वर्य’ करून शेजारच्या कवायतीच्या सरांखालीही आहे. मी पाठवलेला मजकूर आपण आखून दिलेल्या शब्दमर्यादेत होता आणि तो असा होता : ‘पर्जन्यमापकाच्या वहीत न घेतलेली नोंद कोरी ठेवायला शिकवणाऱ्या आमच्या बाई.’ आपल्या कार्यालयात तो कोणाला रुक्ष वाटला असावा. बाई प्रेमळ मुळीच नव्हत्या, हेही या निमित्ताने नोंदवतो.

पंचवटीतील आमच्या शाळेच्या मैदानात, भिंत आणि झाड या दोन्हींपासून दूर, बाईंनी सातवीच्या मुलांकडून एक साधा पर्जन्यमापक बसवून घेतला होता. दहा सेंटीमीटर तोंडाची चाडी आणि पाच सेंटीमीटर व्यासाची सरळ बाटली, एवढाच सरंजाम. चाडीचा व्यास बाटलीच्या दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्यामुळे बाटलीत पट्टीने चाळीस मिलिमीटर पाणी भरले तर पाऊस दहा मिलिमीटर झाला, हे त्यांनी आमच्याकडूनच काढून घेतले. वेधशाळेप्रमाणे नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यायची, बाटली रिकामी करायची आणि आकडा वहीत लिहायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे, कारण शून्य हीसुद्धा पाहून केलेली नोंद असते.

रविवारी शाळा बंद असे. एका सोमवारी बाटलीत ७२ मिलिमीटर पाणी निघाले, म्हणजे पाऊस १८ मिलिमीटर. पाळी असलेल्या मुलाने रविवारपुढे ९ आणि सोमवारपुढे ९ असे आकडे सुबक अक्षरात लिहून टाकले. बाईंनी वही पाहिली आणि एवढेच विचारले, “रविवारी साडेआठला इथे कोण आलं होतं?” तो सगळा पाऊस शनिवारी संध्याकाळी तासाभरात कोसळला असेल किंवा रविवारी रात्रभर झिमझिमत राहिला असेल, बाटलीला ते सांगता येत नाही आणि म्हणून आपणही सांगायचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस ‘पावसाचा दिवस’ धरतात, त्यामुळे त्या नऊ-नऊच्या वाटणीने कदाचित न झालेला एक पावसाचा दिवस महिन्याच्या हिशेबात आला असता. आकडे खोडून रविवार कोरा राहिला आणि सोमवारपुढे ‘१८, दोन दिवसांचा एकत्रित’ असे लिहिले गेले. वर्षअखेरीस तपासणीच्या आधी वरिष्ठांनी ‘वहीतले रिकामे रकाने तेवढे भरून घ्या’ असे सुचवले, तेव्हाही बाईंनी वही तशीच पुढे ठेवली.

मी आता दिंडोरीकडे द्राक्षबाग पाहतो. निर्यातीच्या मालाला फवारणीची नोंदवही लागते : कोणते औषध, किती प्रमाणात, कोणत्या तारखेला. शेवटची फवारणी आणि काढणी यांत त्या औषधासाठी ठरलेले अंतर राहिले की नाही, हे त्या तारखांवरूनच ताडले जाते. पावसाळी हवामानात डाऊनी रोगाच्या भीतीने घाईघाईत फवारणी होते आणि वही मागे पडते. एका हंगामात अशीच एका फवारणीची तारीख टिपायची राहिली, तेव्हा व्यापाऱ्याने ‘सोयीची तारीख टाका’ असा सल्ला दिला. मी रकाना कोरा ठेवला. तो प्लॉट निर्यातीतून वगळला गेला आणि माल स्थानिक बाजारात कमी भावाने द्यावा लागला. घरच्यांनी त्या वेळी बाईंचा उद्धार केला, तो वंदनाच्या सुरात नव्हता.

एवढे सगळे छायाचित्राखाली छापावे, अशी माझी अपेक्षा नव्हती. परंतु वाचकाने कळवलेले माहीत असलेले काम काढून त्या जागी माहीत नसलेला गुण घालणे, हे नेमके त्या नऊ-नऊसारखेच झाले. माझ्या नावाखाली छापलेल्या ओळीवरून बाईंचे जुने विद्यार्थी मला दूरध्वनी करून ‘प्रेमळ कधीपासून?’ असे विचारत आहेत, त्यांना मी काय उत्तर द्यावे?

जाता जाता आणखी एक. शिक्षक दिनाच्या त्याच पानाचा खालचा अर्धा भाग एका खासगी क्लासच्या जाहिरातीने व्यापला होता आणि तिची तिरकी पट्टी बाईंच्या हनुवटीवर आली होती. जाहिरातीतील मजकुरात मात्र एकाही शब्दाची काटछाट झालेली दिसली नाही.

माझी मूळ ओळ दुरुस्ती म्हणून, विशेषण न लावता, छापावी. छायाचित्र पुन्हा दिले नाही तरी चालेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नाशिक