वरच्या खोलीच्या बटणांबद्दल

सोलापूर
रविवार, दुपार

चि. प्रसादास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास आणि मीही ठेवून दिला. ‘बाबा, वायरमनच्या मागे का लागता’ असं तू म्हणालास. बरोबर आहे, खोली तुझी, पैसे तुझे. पण तो मंगळवारी झिरी मारायला येतोय. एकदा पाईप गाडून गिलावा झाला की भिंत फोडल्याशिवाय काही हलत नाही. फोनवर सांगायला गेलं की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितो. आईच्या त्या रात्रीचं काढणार नाही.

त्याने दाराचा बोर्ड चौकटीच्या उजवीकडे खडूने आखलाय. दार आत उघडतं आणि बिजागऱ्या उजवीकडेच आहेत. म्हणजे दार उघडलं की बोर्ड पल्ल्यामागे जाणार. बोर्ड कडीच्या बाजूला, चौकटीपासून सहा-सात इंचांवर घ्यायला सांग, चौकटीला नंतर पट्टी लागली तरी अडणार नाही. उंची चार फूट पुरे. साडेचार केली तर सात-आठ वर्षांचं पोर चवड्यांवर उभं राहतं. तू तसाच उभा राहायचास, जुन्या घरात, जीभ बाहेर काढून.

पण हे चार फूट कुठून? तो स्लॅबपासून मोजतोय. वर रेती-सिमेंट आणि फरशी मिळून तीन इंच येतील, म्हणजे बोर्ड पावणेचार फुटांवर उतरणार. गवंड्याने लेव्हल पाईप लावून तयार फरशीपासून तीन फुटांवर चारही भिंतींवर एक रेघ मारावी. सगळी मापं त्या रेघेवरूनच घ्यायची.

आता पलंगाजवळचं. भिंत बारा फूट, पलंग सहा फुटी, मधोमध. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट उरतात, त्यात दीड फुटी टेबलं. बोर्ड टेबलाच्या वर हवा, पलंगाच्या पाठीमागे नाही, म्हणून भिंतीच्या मध्यापासून साडेतीन फुटांवर. टेबल दोन फूट उंच असेल तर बोर्डाची खालची कड सव्वादोन फुटांवर, म्हणजे चार्जरची पिन टेबलाला टेकत नाही. मी आपल्या पलंगावर आडवा पडून हात लांबवून पाहिला, तिथेच पोचतो. स्वातीच्या बाजूलाही हाच बोर्ड पाहिजे. रात्री तीच जास्त उठणार, सातवा लागलाय. परत तेच सांगू लागलो.

दिवा टू-वे करायचा, हे मी हट्टाने सांगतो. टू-वे बटणाला तीन स्क्रू असतात. दाराच्या बटणाच्या मधल्या स्क्रूला फेज. बाकीच्या दोन स्क्रूंतून दोन तारा पलंगाच्या बटणाच्या तशाच दोन स्क्रूंना. तिथल्या मधल्या स्क्रूतून तार दिव्याला, आणि न्यूट्रल थेट दिव्याला. म्हणून दार ते पलंग पाईप आत्ताच पडला पाहिजे. मधला स्क्रू चुकला तर लगेच कळतं: पलंगाचं बटण एका बाजूला असेल तरच दाराचं चालतं. दोन्ही बटणांच्या चारही स्थिती करून बघ. प्रत्येक वेळी कुठलंही एक दाबलं की दिवा बदललाच पाहिजे.

एक वाईट पद्धत आहे, तार वाचवायला दोन्ही बटणांवर फेज आणि न्यूट्रल दोन्ही देतात. दिवा लागतो-विझतो ठीक, पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरला फेज राहू शकतो. बल्ब बदलताना हात लागला तर? कारखान्यात असं करणाऱ्याला मी शिडीवरून खाली उतरवायचो. आता मला कोण विचारतो म्हणा.

पंख्याचं बटण आणि रेग्युलेटर मात्र पलंगाजवळच दे. मे महिन्यात रात्री दोनदा उठावं लागतं, तुला माहीत आहेच. एसीचा पॉइंट सात फुटांवर, स्वतंत्र तारेचा. कपाट कुठे येणार ते आधी खडूने आख, नाहीतर एक प्लग कायमचा गाडला जाईल.

आईचं काढणार नाही म्हटलं होतं. दिवाळीला ती पाणी प्यायला उठली. दिवा दारापाशी, पलंगापासून आठ पावलं, मध्ये तुमच्या बॅगा. आठव्या पावलाआधीच पडली. मनगट जुळलं, पण भाकरी थापताना अजून डाव्या हाताचा आधार घेते आणि म्हणते काही नाही. तो दिवा मीच लावला होता, १९९४ साली. एकच बटण, तेही दाराजवळ. टू-वे कसा करतात ते मला तेव्हाही माहीत होतं. पाईप वाचवला.

लांबलं. रागावू नकोस. तुझा आराखडा बाकी छान आहे, खिडकी पूर्वेला घेतलीस ते मला सुचलं नसतं.

वायरमनला सोमवारी संध्याकाळी फोन कर, मी बोलणार नाही. मी फक्त खडू घेऊन बोर्डांच्या जागा आखून ठेवतो. तुला पटलं नाही तर ओल्या फडक्याने पुसता येतात.

तुझा,
बाबा

ता. क. शेंगाची चटणी डब्यात भरलीय, गुरुवारी कोणी येतंय का कळव.