दारातला शुक्रवार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली, गावाकडून आलेल्या मजुराच्या लोकलमधल्या पहिल्या आठवड्याची कथा दोनदा वाचली. मी स्वतः 1998 साली मराठवाड्यातून आलो आणि दिव्याला राहून घाटकोपरला कामाला जाऊ लागलो, म्हणून हे पत्र.

सोमवारचा प्रसंग अगदी खरा आहे. तो तरुण दिव्याला गर्दीच्या रेट्यानेच डब्यात चढतो, घाटकोपर आल्यावर उतरण्यासाठी धडपडतो आणि गाडी त्याला पुढे घेऊन जाते. माझंही तसंच झालं होतं. विद्याविहारला उतरलो तेव्हा चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिकीट घाटकोपरपर्यंतचंच असल्याने टीसी दिसतो की काय, या भीतीने मी जिन्याखाली उभा राहिलो. मुकादमाने त्या दिवशी अर्ध्या रोजावर घेतलं.

पण कथेत याचं कारण ‘लोकांनी त्याला उतरू दिलं नाही’ असं दिलं आहे, ते मला पटलं नाही. लोकलची गर्दी निर्दय नसते. तिची एक रीत असते आणि ती नवख्याला ठाऊक नसते. गाडी स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात आतून दारापर्यंत येणं कुणालाच जमत नाही, म्हणून उतरण्याची तयारी दोन स्टेशनं आधी सुरू होते. मला ही रीत मंगळवारी शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी शिकवली. “पाहुणे, उतरायचं कुठं?” त्यांनी विचारलं. घाटकोपर म्हटल्यावर म्हणाले, “मग अजून इथं काय करताय? कांजूर गेलं.”

त्यांनी आधी मला पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यायला लावली. मग फलाट कुठल्या बाजूला येणार ते सांगून त्या दाराकडे तोंड करायला लावलं. चुकीच्या दाराशी उभा असलेला माणूस कितीही जोर लावला तरी अडकतोच. नंतर पुढच्या माणसाच्या खांद्याला हलकेच हात लावून फक्त “घाटकोपर?” एवढंच विचारायचं. तो “हो” म्हणाला तर त्याच्यामागे उभं राहायचं, तो आपल्याला घेऊनच उतरतो. “कुर्ला” म्हणाला तर त्याच्याशी जागेची अदलाबदल करायची. तो कुरकुर न करता अंग चोरून वाट देतो, कारण आपण पुढे गेलो की त्याला आतली जागा मिळते. विक्रोळी सुटेपर्यंत दाराजवळ उतरणाऱ्यांची रांग लागलेली असते. त्या दिवशी मी ढकलला न जाता उतरलो. नव्या माणसाचा पहिला आठवडा खरं तर हे शिकण्यातच जातो, आणि कथेत नेमकं तेच राहून गेलं आहे. त्याच्याशी आठवडाभर डब्यातलं कुणी चार शब्द बोलत नाही, हे मला वाचवेना.

माझी खरी तक्रार शुक्रवारबद्दल आहे. त्या दिवशी तो दारात, फुटबोर्डावर, एका हाताने दांडा धरून उभा राहतो, वारा अंगावर घेतो आणि लेखक म्हणतात की आता तो मुंबईकर झाला. पाठीवर सॅक, गाडी दिवा सोडून मुंब्र्याकडे निघालेली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. समोरासमोरून दोन गाड्या गेल्या तेव्हा बाहेर आलेली अंगं आणि पाठीवरच्या बॅगा एकमेकांना घासल्या, असं तेव्हा सांगितलं गेलं. वळणावर डबा कलतो, रुळाशेजारचे खांब जवळ येतात आणि दारातल्या माणसाला पाठीमागचं काही दिसत नाही. आपण एकटे असतो तेव्हा वीतभर जागा पुरते, पण पाठीवर सॅक असली की आपली रुंदी किती वाढली हे आपल्याला कळतच नाही.

माणसं हौसेनेच दारात उभी राहतात असंही नाही. दिव्याला चढणाऱ्याला आत शिरायला जागाच नसते, आणि आत गेलो तर उतरता येणार नाही ही भीती असते. ती भीती लेखकांनी जरूर लिहावी. पण तिला त्यांनी शाबासकी दिली आहे, आणि आज दिव्याच्या फलाटावर गावाहून नव्याने आलेली कितीतरी पोरं उभी आहेत.

कथा कधी पुस्तकात आली तर लेखकांनी तो एक परिच्छेद पुन्हा पाहावा, ही विनंती. शुक्रवारी त्या तरुणाला आतल्या कडीला धरून, सॅक पोटाशी घेऊन उभा करावा. कांजूर आलं की त्याने पुढच्याला विचारावं, “घाटकोपर?”

आपला,
एक वाचक, दिवा