चौसष्टातून अठ्ठावीस

प्रिय ताई,

चिनूची तू ताई, म्हणून आता माझ्याही तोंडी तेच बसलंय. ही चिठ्ठी तुझ्या डब्याखाली ठेवतेय. पहाटे पावणेपाचला मला निघायचंय, स्वारगेटला पहिली पाळी आहे. रात्री तुला जे बोलले ते दुपारपर्यंत तुझ्या मनात तसंच राहू नये, म्हणून लिहायला बसले.

चिनू रडकुंडीला आला होता आणि दहा वाजत आले होते. मी ओट्यापाशी भांडी घासत होते. मी ओरडले, "अगं, सांगून टाक ना उत्तरं! आठ तर वजाबाक्या आहेत." तू म्हणालीस, "आई, मी सांगितली तर उद्या बाई माझी वजाबाकी तपासतील." मला ते उद्धटपणाचं वाटलं आणि मी तुला "मोठी शहाणी" म्हणाले. चुकलं माझं. त्यानंतर मी भांडी तशीच ठेवली आणि नळ बंद करून ऐकत राहिले, हे तुला माहीत नाही.

आठांपैकी सात त्याची सोडवून झाली होती, त्यातली तीन बरोबर, चार चूक. मला वाटलं होतं, पोरगं झोपेला आलंय, काहीतरी लिहितंय. तू मात्र त्याच्या चुकांकडे बघत बसलीस. ६४ मधून २८ गेले, त्याने लिहिलं ४४. ७३ मधून ४५ गेले, लिहिलं ३२. ९१ मधून ५७ गेले, लिहिलं ४६. मग शेवटची ५०२ वजा १७८ तो सोडवायला घेणार, तेवढ्यात तू कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी लिहून घडी घातलीस. त्याचं उत्तर आलं ४७६. तू घडी उलगडलीस, आत ४७६ च होतं. तो डोळे विस्फारून बघत राहिला. खरं सांगते, मीही बघत राहिले. त्याचं चुकीचं उत्तर तू आधीच काढून ठेवलं होतंस, म्हणजे तो उत्तरं ठोकून देत नव्हता. प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढत होता, मग तो वरचा असो की खालचा. चारातून आठ जात नाहीत, तर आठातून चार काढले. जिथे हातचा लागत नव्हता ती तिन्ही म्हणून बरोबर आली होती.

आता जे सांगते ते मला रात्रभर टोचलंय. तू त्याला विचारलंस, "असं कोणी सांगितलं तुला?" आणि तो म्हणाला, "आईने." हो गं, मीच. पहिलीत असताना मीच त्याला घोकायला लावलं होतं, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं. अख्ख्या संख्येबद्दल ते ठीक होतं. त्याने ते एकेका आकड्याला लावलं. माझं वाक्य त्याने इमानाने पाळलं आणि त्याचीच उत्तरं चुकली. तू आठ उत्तरं सांगितली असतीस, तर वही स्वच्छ दिसली असती, बाई गुणाकाराकडे वळल्या असत्या, आणि माझं ते वाक्य त्याच्या डोक्यात तसंच राहिलं असतं.

मग तू माझा चिल्लरचा डबा घेतलास. दहाच्या सहा नोटा, रुपयाची चार नाणी. "हे चौसष्ट. मला अठ्ठावीस दे." त्याने दोन नोटा दिल्या, चार नाणी दिली आणि थांबला. "अजून चार हवेत," तू म्हणालीस आणि गप्प बसलीस. किती वेळ गप्प होतीस! मला बाहेर येऊन सांगावंसं वाटत होतं. शेवटी तो स्वतःच म्हणाला, "मग एक दहाची सुट्टी करून दे ना." तू दहा नाणी मोजून दिलीस. त्याच्यापाशी उरल्या तीन नोटा आणि सहा नाणी, छत्तीस. तोवर तू हातचा हा शब्दही काढला नव्हतास. मग वहीत सहाच्या डोक्यावर पाच आणि चाराच्या डोक्यावर चौदा लिहायला लावलंस, आणि विचारलंस, "हा पाच म्हणजे काय?" तो म्हणाला, "उरलेल्या नोटा." मी दिवसभर सुट्टे पैसे हाताळते, पण हातचा आणि सुट्टे एकच, हे कधी जोडून पाहिलं नव्हतं.

५०२ ला तो पुन्हा अडला. मधे शून्य, दशकाची नोटच नाही. त्याने शंभराची एक मोडली, पाचाचे चार केले, दोनाचे बारा केले आणि शून्याचे दहा केले. उत्तर आलं ३३४. तू चूक म्हणाली नाहीस. "यात एकशे अठ्ठ्याहत्तर परत मिळवून बघ," म्हणालीस. ५१२ झाले. "तुझ्याकडे पाचशे दोनच होते. हे दहा रुपये कुठून आले?"

ताई, हा प्रश्न मला फार ओळखीचा आहे. पाळी संपली की रोकड भरताना दहा रुपये जास्त किंवा कमी निघाले, की असंच शोधत बसावं लागतं. त्याने पुन्हा नोटा मांडल्या. शंभराचे दहा दहा झाले, त्यातली एक नोट मोडून दहा नाणी झाली, तेव्हा दहाच्या नऊच उरल्या. वहीत त्याने ती नोट मोडली होती, पण दशकाच्या घरातून उचलली नव्हती. नऊ लिहिल्यावर ३२४ आलं. त्या वेळी तो जे ओरडला, ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

परिसर अभ्यासात सिंहगडाचं जुनं नाव विचारलं होतं, ते मात्र तू लगेच सांगितलंस, कोंढाणा. "हे डोकं खाजवून येत नाही, ठाऊकच असावं लागतं." कुठे थांबायचं आणि कुठे सांगून मोकळं व्हायचं, हे तुला माझ्यापेक्षा नीट कळतं.

साडेदहाला तू त्याला झोपायला पाठवलंस, तेव्हा चुकलेल्या पाचातली दोन राहिली होती. तू समासात पेन्सिलीने लिहिलंस, "ही दोन राहिली, हातचा आता समजतोय." मी त्याखाली सही केली आहे. अपुरी वही पाठवायला माझं मन तयार होत नव्हतं, पण बाईंना कळायला हवं ते त्या ओळीत आहे.

एक गोष्ट माझ्याकडूनही त्याला शिकव. सुट्टे देताना आम्ही वजाबाकी करतच नाही, वर मोजत जातो. १७८ ला दोन दिले की १८०, वीस दिले की २००, मग ५०२ पर्यंत ३०२. दोन, वीस आणि तीनशे दोन, झाले ३२४. वहीत मांडायला हे चालणार नाही, पण उत्तर पडताळायला फार कामाचं आहे. हातचा पक्का झाल्यावरच दाखव, आधी दाखवलंस तर तो हातचा टाळायला लागेल.

डब्यात दहाची वीस नाणी वाढवून ठेवली आहेत. मी चारपर्यंत येते. तोवर त्याला ७०० वजा २६३ देऊ नकोस. दोन शून्यं एकापाशी एक आल्यावर तो काय करतो, ते मला तुझ्या शेजारी बसून बघायचंय. आणि मी मधे बोलले, तर माझा हात दाब.

तुझी,
आई