देणगीदारांच्या पत्रातली शिल्लक जुळत नाही

मा. अध्यक्ष,
सोसायटी कार्यालय,
टिळकवाडी, बेळगाव

विषय: गणेशोत्सवाच्या देणगीदारांना पाठवायचे जमाखर्चाचे पत्र

सप्रेम नमस्कार,

उत्सव समितीचा मसुदा तुम्ही माझ्याकडे दिलात, तो शनिवारी रात्री खजिनदारांबरोबर बसून तपासला. पत्र चांगलं उतरलंय. कपिलेश्वर तलावावरच्या विसर्जनाचा परिच्छेद तर आमच्या घरात दोनदा वाचून झाला. पण शिल्लक चुकली आहे. ती दुरुस्त झाल्याशिवाय पत्र छापायला देऊ नये, अशी विनंती.

मसुद्यात जमा १,४६,५०० रुपये, खर्च १,३१,२०० आणि शिल्लक १५,३०० दाखवली आहे. वजाबाकी बरोबर आहे, म्हणूनच कुणाला शंका आली नसावी. पण शुक्रवारी भरून आणलेल्या पासबुकात २१,९०० रुपये आहेत आणि रोकडीचा डबा मोजला तर ४,४००. दोन्ही मिळून २६,३००. म्हणजे कागदापेक्षा हातात ११,००० रुपये जास्त! कमी भरले असते तर समितीची रात्रभर झोप उडाली असती. जास्त निघाले तरी हिशेब चुकलेलाच असतो.

सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर झाली, त्यामुळे असा फरक सापडेपर्यंत मला उठवत नाही. पावती पुस्तकांच्या स्थळप्रती आणि बिलांची फाईल समोर घेतली, तेव्हा तो तीन ठिकाणी सापडला.

गेल्या वर्षीची १२,४०० रुपये शिल्लक मसुद्यात कुठेच नाही. मागच्या पत्रात "पुढील वर्षी वापरू" असं आपणच लिहिलं होतं, तेव्हा यंदाचं पत्र त्या आकड्यापासूनच सुरू व्हायला हवं. दुसरं म्हणजे, जमा रक्कम स्थळप्रतींची बेरीज करून काढली आहे. त्यातल्या दोन दुकानदारांनी पावत्या आधी घेतल्या आणि "दसऱ्यानंतर देतो" म्हणाले. ते ६,००० रुपये अजून आलेले नाहीत. प्रत्यक्ष जमा १,४०,५०० एवढीच. तिसरी गोष्ट महाप्रसादाच्या भांड्यांची. त्यांचं ५,००० रुपये डिपॉझिट खर्चात धरलं आहे, पण भांडी परत गेल्यावर ४,६०० रुपये मिळाले. दोन पळ्या हरवल्या, त्यांचे ४०० कापले गेले, तेवढाच खर्च. (एक पळी परवा आमच्याच जिन्याखाली सापडली, ते वेगळं.) तेव्हा आजवर दिलेला खर्च १,२६,६०० होतो.

आता १२,४०० अधिक १,४०,५०० वजा १,२६,६०० करा. बरोबर २६,३०० येतात, पासबुक आणि डब्याला जुळणारे.

तरीही २६,३०० ही खरी शिल्लक नव्हे. साऊंडवाल्याचे ७,५०० रुपये द्यायचे आहेत. त्याचं बिल कन्नडमध्ये होतं, ते परवानग्यांच्या कागदांमध्ये लावलं गेलं आणि हिशेबातून निसटलं. ते धरल्यावर हाती उरतात १८,८००. दुकानदारांचे ६,००० आले तर त्यात पडतील, पण येईपर्यंत ते शिलकीत धरू नयेत.

मूर्ती एका कुटुंबाने दिली, आणि महाप्रसादाचा तांदूळही वर्गणीतून आलेला नाही. या वस्तूंची किंमत लावून जमेत घ्यायची, तर तेवढीच खर्चातही दाखवावी लागेल. मला वाटतं आकड्यांत न शिरता त्यांचे आभार वेगळ्या ओळीत मानावेत. एका पावतीचं पान मात्र स्थळप्रतीसकट फाडलेलं आहे. पावती रद्द झाली असेल तर दोन्ही भाग "रद्द" लिहून पुस्तकातच टाचलेले हवेत. ज्यांच्याकडे ते पुस्तक होतं त्यांना विचारावं, पण चारचौघांत नको.

पत्रातला हिशेबाचा परिच्छेद असा असावा:

"मागील शिल्लक १२,४०० रुपये. यंदा प्रत्यक्ष जमा १,४०,५०० रुपये. दिलेला खर्च १,२६,६०० रुपये. आज बँकेत २१,९०० आणि रोख ४,४००, एकूण २६,३०० रुपये. यातून साऊंडचे ७,५०० देणे असून ते दिल्यावर शिल्लक १८,८०० रुपये राहील. कबूल झालेल्या ६,००० रुपयांची वर्गणी येणे आहे, ती वरील जमेत धरलेली नाही."

खर्चाची फोड मसुद्यात आहे तशीच ठेवा, फक्त भांड्यांच्या डिपॉझिटची ओळ काढून तिथे पळ्यांचे ४०० घाला. शिवाय पत्र कन्नडमध्येही द्यावं. ए विंगमधल्या तीन घरांनी आणि कोपऱ्यावरच्या औषध दुकानदारांनी वर्गणी दिली आहे, त्यांना मराठी बोलता येतं, वाचताना अडखळतात. भाषांतर माझी सून करील, तिचं माहेर धारवाडचं. आकडे मात्र दोन्ही पत्रांत मीच ताडून बघेन.

साऊंडवाला बुधवारी पैशांसाठी येणार आहे. चेकवर तुमची सही लागेल.

आपला,
बी विंग, दुसऱ्या मजल्यावरचा सभासद